दीड तासाच्या कबड्डी सामन्यातून पाच मिनिटांची हायलाइट: आधी नियम लिहा, मग कात्री लावा

प्रश्न: आमच्या मंडळाच्या कबड्डी फायनलचं पूर्ण रेकॉर्डिंग आहे, नागपुरातच झाली, दीड तासाच्या आसपास आहे. पाच मिनिटांची हायलाइट करायची आहे. मी दोनदा करून पाहिली, एकदा अठरा मिनिटांची झाली, एकदा सगळे म्हणाले की आमच्याच रेडरची जाहिरात वाटते. प्रत्येक जण म्हणतो माझी पकड का नाही. कोणती चढाई ठेवायची आणि कोणती उडवायची हे ठरवायचं कसं?

उत्तर:

भाऊ, तुम्ही टाइमलाइनवर व्हिडिओ टाकून "ही मस्त आहे, ही ठेवू" असं करत बसला असणार. अठरा मिनिटं तिथूनच येतात. कबड्डीत बघताना मस्त न वाटणारी चढाई फारच कमी असते, आणि जो माणूस कापत असतो त्याचा जीव ज्या खेळाडूत असतो त्याच्या चढाया त्याला जास्त मस्त वाटतात. म्हणून निवड डोळ्यांनी करायची नाही, गुणांनी करायची. व्हिडिओ उघडण्याआधी नियम कागदावर लिहायचा, मंडळाच्या दोघातिघांना दाखवायचा, आणि मग त्या नियमात बसतं ते सगळं ठेवायचं, बसत नाही ते सगळं उडवायचं. खेळाडू कोण हे नियमाला माहीतच नसतं.

माझा कबड्डीसाठीचा नियम असा आहे:

एका चढाईत कोणत्याही एका संघाला दोन किंवा जास्त गुण मिळाले तर ती चढाई घ्यायची. दुसऱ्या सत्रात ज्या चढाईने बरोबरी झाली, बरोबरी फुटली किंवा आघाडी एका संघाकडून दुसऱ्याकडे गेली ती घ्यायची. शेवटच्या तीन मिनिटांत, चढाई सुरू होताना फरक पाच गुणांचा किंवा कमी असेल, तर गुण देणारी प्रत्येक चढाई घ्यायची.

एवढंच. आता यातला प्रत्येक आकडा तिथे का आहे ते सांगतो, कारण तुमच्या सामन्याला तो थोडा हलवावा लागेल आणि तेव्हा काय बिघडतं हे माहीत असलेलं बरं.

पहिल्या कलमातला "दोन" हा आकडा सगळ्यात नाजूक. बऱ्याच जणांना वाटतं की फक्त अव्वल चढाया घ्याव्यात, म्हणजे तीन किंवा जास्त गुणांच्या. तसं केलं की बचाव करणारी पोरं हायलाइटमधून जवळजवळ गायब होतात. चढाईत एकाच वेळी तीन-चार गडी मारता येतात, पण पकडीला एकच गुण असतो. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड केली, म्हणजे अव्वल पकड झाली, तरी दोनच. लोण सोडलं तर पकडीतून एका झटक्यात तीन गुण मिळण्याची सोयच खेळात नाही. तेव्हा मर्यादा तीन ठेवली की तुमची फायनल फक्त रेडरांची होते. तुमच्याकडे "जाहिरात वाटते" ही तक्रार आली त्याच्या मुळाशी हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

"एका संघाला" हे शब्दही मुद्दाम आहेत. रेडरने बोनस घेतला आणि परतताना पकडला गेला, तर दोन्ही संघांना एकेक गुण जातो. बेरीज दोन, पण फरक जिथल्या तिथे. अशी चढाई पहिल्या कलमात येत नाही, आणि यायलाही नको.

दुसऱ्या कलमात "दुसऱ्या सत्रात" हा शब्द नसेल तर काय होतं बघा. कबड्डीत सुरुवातीची चार-पाच मिनिटं १–१, २–१, २–२, ३–३ अशीच जातात. आघाडी सतत हलते, पण त्या हलण्याला वजन नसतं. नियम आंधळेपणाने लावला की त्या सगळ्या फुटकळ बोनसच्या चढाया आत येतात.

तिसऱ्या कलमातली पाच गुणांची अट एकतर्फी सामन्यासाठी आहे. १५ गुणांनी सामना हातातून गेल्यावर शेवटच्या तीन मिनिटांत काय झालं याचं कुणाला काही नसतं. अशा वेळी तिसरं कलम आपोआप रिकामं राहतं आणि हायलाइट तीन मिनिटांची होते. होऊ द्या. पाच मिनिटं भरायची म्हणून एकतर्फी सामन्यात पाणी घालू नका.

नोंद कशी करायची

नियम लावायला नोंद लागते, आणि खरं काम तिथेच आहे. आयोजकांकडून गुणपत्रकाचा फोटो घ्या. त्यावर गुण क्रमाने असतात, पण व्हिडिओतली वेळ नसते. ती तुम्हाला भरायची आहे. व्हीएलसीमध्ये सामना दीडपट वेगाने लावा, शेजारी एक्सेल उघडा, आणि ज्या चढाईत गुण मिळाला तिचीच ओळ लिहा. चाळीस मिनिटांच्या खेळात साधारण ऐंशी-नव्वद चढाया होतात, त्यातल्या बऱ्याच रिकाम्या जातात, त्यामुळे पन्नासच्या आसपास ओळी होतात. एका बैठकीचं काम आहे.

स्तंभ असे ठेवा: ए मध्ये वेळ, बी मध्ये त्या चढाईत पहिल्या संघाला मिळालेले गुण, सी मध्ये दुसऱ्या संघाला, डी आणि ई मध्ये दोघांचे एकूण, एफ मध्ये सत्र १ किंवा २, आणि जी मध्ये शेवटची तीन मिनिटं असतील तर १. दुसऱ्या ओळीत ०–० लिहा, म्हणजे पहिल्या चढाईला मागचा स्कोअर मिळतो. तिसऱ्या ओळीपासून एच मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=OR(MAX(B3,C3)>=2, AND(F3=2,SIGN(D3-E3)<>SIGN(D2-E2)), AND(G3=1,ABS(D2-E2)<=5))
```

`TRUE` आलं की चढाई आत, `FALSE` आलं की बाहेर. मधलं `SIGN` आघाडी कोणाकडे आहे ते बघतं: पहिला संघ पुढे असेल तर १, मागे असेल तर उणे १, बरोबरी असेल तर शून्य. मागच्या ओळीपेक्षा ते बदललं की सूत्र चढाई उचलतं.

वेळ कोणती लिहायची? चढाईची सुरुवात नाही. पंचाची निकालाची शिट्टी जिथे वाजते ती. चढाई तीस सेकंदांची असू शकते आणि त्यातले पहिले पंधरा सेकंद रेडर मध्यरेषेजवळ नाचत असतो. निकालापासून मागे मोजलं की तो भाग आपोआप सुटतो. मी शिट्टीच्या ९ सेकंद आधीपासून ४ सेकंद नंतरपर्यंत घेतो, म्हणजे एक तुकडा १३ सेकंदांचा. स्पर्श किंवा अँकल होल्डची सुरुवात या नऊ सेकंदांत जवळपास नेहमीच सापडते. कधी रेडर तीन जणांना ओढत रेषेपर्यंत नेतो आणि झटापट लांबते, तिथे तेवढा तुकडा हाताने मागे ओढायचा.

लोणचे दोन गुण त्याच ओळीत लिहा ज्या चढाईत शेवटचा गडी बाद झाला. गुणफलकावर ते काही सेकंदांनी चढतात, म्हणून बरेच जण वेगळी ओळ करतात. मग सूत्र त्या वेगळ्या ओळीला दोन गुणांची चढाई समजून उचलतं, आणि तुकड्यात सगळे गडी मैदानात परत येत असल्याचं दृश्य दिसतं. लोण असलेला तुकडा शिट्टीनंतर ४ ऐवजी ७ सेकंद ठेवा, म्हणजे फलक बदललेला दिसतो.

नोंद संपली की एकच तपासणी करा, आणि ती टाळू नका: बी आणि सी स्तंभांची बेरीज गुणपत्रकावरच्या अंतिम स्कोअरशी जुळली पाहिजे. एक-दोन गुण कमी भरत असतील तर तुम्ही ज्या गोष्टी सोडल्या असणार त्या ठरलेल्या आहेत. एक, रेडर जिवंत परतला आणि सोबत बोनसही होता. दोन, लोणचे जादा गुण. तीन, तांत्रिक गुण, ज्यात चढाईच नसते. बेरीज उलट जास्त भरत असेल तर पंचांनी एखादा निर्णय मागे घेतला आहे. जिथे दोन पंच बोलत उभे आहेत आणि खेळाडू हात वर करून भांडताहेत ती जागा पुन्हा बघा.

एक सामना प्रत्यक्ष मोजून

गेल्या हिवाळ्यात दोन मंडळांच्या रात्रीच्या सामन्याची हायलाइट केली होती, त्याचे आकडे देतो. लाल जर्सी आणि निळी जर्सी एवढंच म्हणू. लाल ३४, निळी ३१. मध्यंतराला निळी १९–१४ पुढे होती, कारण पहिल्या सत्रात त्यांनी लालवर लोण चढवलं होतं.

गुण मिळालेल्या नोंदी ४६. त्यात एकेका गुणाच्या ३२, बोनस अधिक पकड अशा दोन्ही संघांना गुण देणाऱ्या २, आणि एकाच संघाला दोन किंवा जास्त गुण देणाऱ्या १२. या बारांत दोन गुणांच्या पाच चढाया, तीन अव्वल पकडी, तीन गुणांच्या दोन अव्वल चढाया आणि दोन लोण. पहिलं कलम म्हणजे हे १२ तुकडे.

दुसऱ्या कलमाला चार चढाया लागल्या. लाल २१–२५ मागे असताना त्यांच्या रेडरने निळीचे उरलेले दोन्ही गडी मारले, दोन लोणचे, २५–२५. ही चढाई पहिल्या कलमात आधीच होती. मग लाल २६–२५, लगेच निळीचा एक बोनस, २६–२६, आणि लालच्या एका साध्या पकडीने २७–२६. या तीन चढाया नव्याने आत आल्या. त्यातला तो बोनस बघा: पाहणाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही, रेडरने पाय टाकला आणि फिरला. डोळ्यांनी निवडला असता तर पहिल्याच फेरीत उडाला असता. पण तो नसता तर २६–२५ वरून एकदम २७–२६ दिसलं असतं आणि निळीचा गुण कुठून आला हा प्रश्न राहिला असता.

शेवटची तीन मिनिटं २९–२८ वर सुरू झाली. लालचे दोन एकेक गुण, ३१–२८. निळीची अव्वल पकड, ३१–३०. लालची अव्वल पकड, ३३–३०. मग लालचा एक, निळीचा एक, ३४–३१. सहा चढाया, त्यातल्या दोन अव्वल पकडी आधीच मोजलेल्या, म्हणून नवीन चार.

१२, ३ आणि ४ मिळून १९ तुकडे. १९ गुणिले १३ म्हणजे २४७ सेकंद. दोन लोणचे तीन-तीन सेकंद जादा, २५३. सुरुवातीचं नाव ४ सेकंद, मध्यंतराचा स्कोअर ४, शेवटचा जल्लोष १०. एकूण २७१, म्हणजे ४ मिनिटं ३१ सेकंद. कात्री लावण्याआधीच लांबी कळली, हे या पद्धतीचं मला सगळ्यात आवडतं.

याच सामन्यात दुसरं कलम पहिल्या सत्रालाही लावून पाहिलं, तर आघाडी हलवणाऱ्या सात चढाया निघाल्या. त्यातल्या सहा नवीन, जवळजवळ सगळ्या पहिल्या चार मिनिटांतल्या. २५ तुकडे, म्हणजे ३२५ सेकंद नुसत्या खेळाचे. पाच मिनिटं गेली, आणि बदल्यात मिळालं काय, तर १–१ आणि २–२.

उरलेल्या २९ सेकंदांत दोन तुकडे बसत होते. तिथे मी "आता आवडीचे दोन टाकू" असं केलं नाही, चौथं कलम जोडलं: तिसऱ्या चढाईवर झालेली पकड. त्या स्पर्धेत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणणं सक्तीचं होतं, नाही तर रेडर बाद. अशा चार पकडी होत्या, दोन आधीच आत होत्या, दोन नव्याने आल्या. एकूण २१ तुकडे, ४ मिनिटं ५७ सेकंद. हे कलम मी निवडलं कारण बाकीच्या नियमाचा कल अजूनही थोडा रेडरकडे आहे; साधी एक गुणाची पकड फक्त दुसऱ्या-तिसऱ्या कलमातूनच आत येऊ शकते. तुमच्या स्पर्धेत तिसऱ्या चढाईचा नियम नसेल तर हे कलम सोडून द्या.

लांबी जास्त झाली तर? तुकडे एकेक करून काढू नका, कलमातला आकडा बदला. तीन मिनिटांची दोन करा, किंवा पाच गुणांच्या फरकाचे तीन करा. बदल सगळ्या चढायांना सारखा लागू होतो, आणि कुणी विचारलं तर उत्तर देता येतं. पहिल्या कलमातले दोन मात्र तीन करू नका. या सामन्यात तसं केलं असतं तर बारातले चारच उरले असते आणि तिन्ही अव्वल पकडी पहिल्या कलमातून गेल्या असत्या.

काही जण प्रेक्षकांच्या आवाजावरून निवड करतात: आवाजाची लहर जिथे उंच, तिथे कापायचं. बंदिस्त स्टेडियममध्ये कदाचित चालत असेल. आपल्याकडे रेशीमबागेसारख्या उघड्या मैदानावर भोंग्यावरचा निवेदक, मध्येच देणगीदारांची नावं आणि टाइम-आउटला वाजणारं गाणं हेच सगळ्यात मोठ्या आवाजात असतं. वर ज्या मंडळाची पोरं जास्त आली असतील त्यांचेच गुण उंच दिसतात. निळीच्या लोणला मैदान गप्प होतं, आणि लाल मध्यंतराला मागे का होती हे सांगणारी चढाई तीच होती.

कापताना

मोबाइलवरच्या एडिटरमध्ये केलं तरी चालेल, वेळा तुमच्याकडे आहेतच. मी `ffmpeg` वापरतो. शिट्टी ३१:५१ ला असेल तर नऊ सेकंद मागे, ३१:४२ पासून तेरा सेकंद:

```
ffmpeg -ss 00:31:42 -i final.mp4 -t 13 -r 30 -c:v libx264 -crf 20 -c:a aac c07.mp4
```

इथे `-c copy` लावून वेळ वाचवायचा मोह होतो. तसं केलं की काप फक्त कीफ्रेमवर पडतो, म्हणजे तुकडा एक-दोन सेकंद आधी सुरू होतो किंवा सुरुवातीला चित्र अडकतं आणि आवाज पुढे जातो. `-r 30` चं कारण मोबाइल: बहुतेक मोबाइल कमी प्रकाशात फ्रेमचा वेग खालीवर करतात, आणि असे तुकडे जोडले की शेवटाकडे शिट्टी आणि चित्र वेगवेगळं होतं. रात्रीच्या फ्लडलाइटखाली हे हमखास दिसतं. सगळे तुकडे असे एकसारखे झाले की `list.txt` मध्ये `file 'c07.mp4'` अशा ओळी क्रमाने लिहा आणि जोडा; इथे मात्र `copy` चालतं:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy highlight.mp4
```

क्रम सामन्याचाच ठेवा. सगळ्यात भारी चढाई आधी दाखवली की स्कोअर उलटसुलट होतो. कोपऱ्यात दोन्ही संघांचे गुण द्या, आणि तुकडा सुरू होताना चढाईच्या *आधीचा* स्कोअर असू द्या. निकालाच्या शिट्टीला तो बदला. नवीन स्कोअर आधीपासून लावलात तर निकाल आधीच फुटतो. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून जर्सीच्या रंगाची छोटी पट्टी स्कोअरशेजारी हवी, नाहीतर दुसऱ्या सत्रात घरी बघणारा माणूस डावीकडच्याला अजून तुमचाच संघ समजतो.

एखाद्या निवडलेल्या चढाईच्या वेळी कुणी कॅमेऱ्यासमोर उभा असेल आणि काहीच दिसत नसेल, तर ती चढाई गुपचूप गाळू नका. तीन सेकंद स्कोअरची पाटी दाखवा. गुण २९ वरून ३१ ला उडी मारताना दिसले की प्रतिस्पर्धी मंडळवाले पहिला प्रश्न तोच विचारतात.

राहिली "माझी पकड का नाही" ही तक्रार. त्यासाठी नोंदीत आय स्तंभ जोडा आणि गुण मिळवणाऱ्या गड्याचं नाव लिहा. नियमात ते वापरायचं नाही. पण हायलाइट गेली की त्या नावाने गाळणी लावून त्या पोराच्या सगळ्या चढाया आणि पकडी, एकेका गुणाच्यासुद्धा, वेगळ्या फाइलमध्ये काढून द्या. वेळा आधीच लिहिलेल्या असतात, त्यामुळे एका खेळाडूला पाच-दहा मिनिटं लागतात. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि मातीच्या मैदानावरचा बोनस रेषेवरचा पाय दिसेनासा होतो.